फीडला शेवट द्या: आधी सफाई, मग वेळेची मर्यादा

सोशल मीडियावरचा वेळ कमी करायचा ठरवलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी फोनमध्ये वेळेची मर्यादा लावतात. इन्स्टाग्रामला अर्धा तास, यूट्यूबला अर्धा तास. दोन-तीन दिवस ते चालतं. मग एका संध्याकाळी मर्यादा संपल्याची पाटी येते, तिच्याखाली "आजच्यापुरतं राहू द्या" अशा अर्थाचं बटण दिसतं आणि बोट तिकडे जातं. एकदा गेलं की रोज जातं.

यात तुमच्या निश्चयाचा दोष फारसा नाही. फीड कुठेच संपत नसेल, तर मर्यादा कितीही मिनिटांची असली तरी ती मध्येच आडवी येते. वाक्य अर्धवट असताना कुणी पुस्तक मिटावं, तसं ते वाटतं. म्हणून मी क्रम उलटा सांगतो. आधी फीड साफ करून त्याला शेवट द्यायचा आणि त्यानंतर मर्यादा लावायची. फीड संपतं तिथेच मर्यादाही संपत असेल, तर ती मोडायची इच्छा बरीच कमी होते.

इन्स्टाग्रामवर असा शेवट एकेकाळी होता. २०१८ मध्ये त्यांनी "You're All Caught Up" ही खूण आणली. तुम्ही फॉलो करता त्या लोकांच्या नव्या पोस्ट पाहून झाल्या, एवढाच तिचा अर्थ. २०२० मध्ये त्या खुणेच्या खाली अनोळखी खात्यांच्या सुचवलेल्या पोस्ट सुरू झाल्या आणि शेवट नाहीसा झाला. आपल्याला ती खूण परत मिळवायची आहे, आणि ते जमतं.

पुढे उदाहरण म्हणून माझ्या ताईचा फोन घेतला आहे. तीन आठवडे आम्ही दोघांनी मिळून तो हळूहळू बदलला. तिचा फोन अँड्रॉइड, माझा आयफोन, त्यामुळे दोन्हीकडच्या वाटा सांगता येतील.

पहिला आठवडा फक्त मोजायचं

या आठवड्यात काहीही बंद करू नका. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये "Digital Wellbeing & parental controls" उघडा. वरच्या गोल आलेखावर बोट ठेवलं की डॅशबोर्ड उघडतो. तिथे स्क्रीनवरचा वेळ दिसतोच, पण मोजमाप बदलायची जी सोय आहे, तिथून "Times opened" निवडा. कोणतं ॲप दिवसात किती वेळा उघडलं, ते दिसेल. आयफोनवर सेटिंग्जमध्ये "Screen Time" आणि त्यात "See All App & Website Activity" उघडा. तिथे वेळ आणि तासांनुसार आलेख मिळतो. खाली "Pickups" म्हणजे फोन किती वेळा हातात घेतला आणि घेतल्यावर पहिल्यांदा काय उघडलं, तेही मिळतं. एखादं नाव तुमच्या फोनवर वेगळ्या जागी असेल, तर सेटिंग्जमधल्या शोधाच्या चौकटीत ते टाइप करा. फोन बनवणाऱ्या कंपन्या या गोष्टी वारंवार हलवतात.

नुसत्या एकूण वेळेवर थांबू नका. ताईचा आकडा होता इन्स्टाग्रामवर दिवसाला सरासरी १३० मिनिटं. तो वाचून ती गप्प झाली. पण त्या आकड्यातून काय करायचं ते कळत नव्हतं. मग आम्ही उघडण्याची संख्या पाहिली, दिवसाला ३४ वेळा. तासांचा आलेख पाहिल्यावर उलगडा झाला. रात्री साडेदहा ते साडेबारा या दोन तासांत जवळजवळ ७० मिनिटं गेली होती, तीही दोन-तीन बैठकांत. उरलेली ६० मिनिटं दिवसभरात तीसेक वेळा, दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत विखुरलेली होती.

या दोन निरनिराळ्या सवयी आहेत आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. दिवसभराच्या छोट्या फेऱ्यांमध्ये माणूस काही पाहायला जात नाही, हात आपोआप जातो. तिथे उघडतानाच अडथळा हवा. रात्रीची लांब बैठक सुरू होते ती काहीतरी पाहायला आणि मग संपत नाही. तिथे फीडला शेवट हवा आणि ठरलेल्या वेळी बंद होणारं दार हवं. तुमच्या आलेखात यातलं कोणतं चित्र जास्त ठळक आहे ते पाहा आणि कामाला तिथून सुरुवात करा. दोन्ही असतील तर ताईसारखं दोन्ही करा, पण एकाच दिवशी नको.

इन्स्टाग्रामची सफाई

सफाईत सर्वांत आधी सुचवलेल्या पोस्ट थांबवायच्या. तुमच्या प्रोफाइलवर उजवीकडच्या तीन रेघांवरून सेटिंग्ज उघडा, त्यात "Content preferences" शोधा. तिथे "Snooze suggested posts in feed" हा पर्याय आहे. तो चालू केला की मुख्य फीडमधल्या अनोळखी खात्यांच्या पोस्ट ३० दिवस थांबतात. कायमचं बंद करायची सोय नाही, फक्त ३० दिवस. म्हणून चालू करताना लगेच फोनच्या कॅलेंडरमध्ये तिसाव्या दिवसाची आठवण लावा. हे विसरलात तर एके दिवशी फीड पुन्हा वाहायला लागतं आणि लक्षात यायला आठवडा जातो. हा पर्याय मुख्य फीडपुरताच आहे. रील्सचं वेगळं पान आणि शोधाचं पान त्याने बदलत नाही.

त्यानंतर फॉलो केलेल्यांची यादी. ताई ६१२ खाती फॉलो करत होती. आम्ही पहिल्या दिवशी फक्त यादी वाचली, आणि तेवढ्यातच तिला बऱ्याच नावांचं आश्चर्य वाटलं. आपल्या "Following" यादीत वरच्या बाजूला "Least interacted with" असा गट दिसतो. ज्या खात्यांशी तुमचा गेल्या काही महिन्यांत फारसा संबंध आला नाही, ती तिथे एकत्र मिळतात. सफाईला तिथून सुरुवात करणं सर्वांत सोपं, कारण त्यातलं कुणी गेलं तरी फार काही जाणवत नाही.

निवड करताना ताईने स्वतःला एक प्रश्न विचारला आणि मला तो फार नेमका वाटला: हे खातं मला फीडमध्ये दिसलं नसतं, तर मी आपणहून नाव शोधून इथे आले असते का? उत्तर "हो" असेल तर ठेवायचं. "नाही" असेल आणि समोर दुकान, पान किंवा प्रसिद्ध व्यक्ती असेल तर अनफॉलो. "नाही" असेल पण समोर नात्यातलं किंवा ओळखीचं माणूस असेल, तर म्यूट. त्या व्यक्तीच्या प्रोफाइलवर "Following" बटण दाबलं की "Mute" दिसतं, आणि पोस्ट व स्टोरी वेगवेगळ्या म्यूट करता येतात. समोरच्याला याची सूचना जात नाही. नाती न दुखवता फीड हलकं करायचा हा मार्ग मला अनफॉलोपेक्षाही उपयोगी वाटतो, कारण यादी कमी करताना आपण अडतो ते बहुतेक वेळा ओळखीच्या माणसांपाशीच.

रोज १५ मिनिटं, असे सहा दिवस लागले. एका बैठकीत सगळं उरकायच्या मागे लागू नका. एकापाठोपाठ शेकडो खाती अनफॉलो केली तर इन्स्टाग्रामला ते यंत्राने चालवलेलं खातं वाटू शकतं आणि ते काही काळ ती कृती अडवतं. रोज साठ-सत्तर पुरे. शेवटी ताईकडे २४० खाती उरली, त्यातली ९० म्यूट.

यानंतर "Content preferences" मध्येच असलेलं "Reset suggested content" वापरायचं की नाही, तो तुमचा निर्णय. हे २०२४ च्या शेवटी आलं. त्याने रील्स, शोधाचं पान आणि फीड यांतल्या सुचवण्या कोऱ्या होतात. पण इन्स्टाग्राम पुन्हा नव्याने शिकायला लागतं आणि केलेलं परत फिरवता येत नाही. तुमच्या रील्सच्या पानावर तुम्हाला खरोखर अस्वस्थ करणारा मजकूर भरला असेल, तर हे जरूर करा. नुसता वेळ कमी करायचा असेल तर याचा उपयोग थोडाच, कारण तुम्ही कशावर थांबता ते पाहून काही दिवसांत ते पान पुन्हा चिकट होतं. ताईने ते केलं नाही.

एक लहान सवय मात्र लावून घ्या. ॲप उघडल्यावर वरच्या लोगोवर बोट ठेवलं की "Following" आणि "Favorites" असे पर्याय येतात. या दोन्हींत पोस्ट नव्यापासून जुन्याकडे ओळीने लागतात, निवडून लावल्या जात नाहीत. "Favorites" मध्ये जास्तीत जास्त ५० खाती ठेवता येतात. ताईने २० ठेवली. अडचण एवढीच की हे कायमचं मुख्य पान करता येत नाही, दर वेळी निवडावं लागतं. सफाईनंतर मात्र मुख्य फीडही इतकं आटतं की न निवडल्याने फारसं बिघडत नाही.

सफाई झाली की नाही हे कसं ओळखायचं? संध्याकाळी एकदा फीड उघडून शेवटपर्यंत जा. "You're All Caught Up" ची खूण दहा-बारा मिनिटांत आली आणि तिच्याखाली अनोळखी काही नसेल, तर काम झालं. ताईला पहिल्यांदा ती खूण सात मिनिटांत दिसली. "अरे, एवढंच होतं?" असं ती म्हणाली. मला त्या वाक्याचा आनंद कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त झाला.

यूट्यूबवर "आवड नाही" म्हणून भागत नाही

दुसऱ्या आठवड्यात ताईचं इन्स्टाग्राम ७५ मिनिटांवर आलं. पण एकूण स्क्रीनवेळ फारसा घटला नव्हता. यूट्यूब ३५ वरून ७० मिनिटांवर गेलं होतं. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. एका बाजूने वेळ दाबला की तो दुसऱ्या बाजूने वर येतो. म्हणून आठवड्याच्या शेवटी एका ॲपचा आकडा न पाहता सगळ्या सोशल आणि व्हिडिओ ॲपची बेरीज पाहायची.

यूट्यूबवर सुचवण्या सुधाराव्यात म्हणून लोक व्हिडिओशेजारच्या तीन ठिपक्यांतून "Not interested" दाबत बसतात. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०२२ मध्ये हजारो वापरणाऱ्यांच्या माहितीवरून या बटणांची परीक्षा घेतली होती. नको असलेल्या सुचवण्या "Not interested" ने ११ टक्के आणि नापसंतीच्या अंगठ्याने १२ टक्केच कमी झाल्या. पाहिलेल्या यादीतून व्हिडिओ काढून टाकल्याने २९ टक्के, तर "Don't recommend channel" ने ४३ टक्के. म्हणजे एखादं चॅनल नकोसं झालं तर सरळ तेच दाबा. पण सर्वांत चांगलं बटणसुद्धा अर्ध्याहून कमी काम करतं. यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. सुचवण्या सुधारत बसण्यापेक्षा त्या बंद करणं कमी कष्टाचं आहे.

त्यासाठी पाहिलेल्याची नोंद, म्हणजे वॉच हिस्टरी, बंद करायची आणि जुनी नोंद पुसायची. ब्राउझरमध्ये `myactivity.google.com` उघडा, यूट्यूबची हिस्टरी निवडा, ती बंद करा आणि आधीची सगळी नोंद डिलीट करा. दोन्ही करा. ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबचं धोरण असं आहे की हिस्टरी बंद असेल आणि आधीची फारशी नोंद नसेल, तर मुख्य पानावर व्हिडिओ सुचवले जात नाहीत, फक्त शोधाची पट्टी आणि बटणं उरतात. जुनी नोंद तशीच ठेवली, तर तिच्या आधारे सुचवणं चालू राहू शकतं. "मी बंद केलं, पण पान रिकामं झालं नाही" अशी तक्रार असेल, तर आधी जुनी नोंद पुसली का ते तपासा.

याची किंमत आहे आणि ती आधी माहीत असावी. अर्धवट पाहिलेला व्हिडिओ थांबल्या जागेपासून सुरू होत नाही आणि "परवा पाहिलेला तो व्हिडिओ" शोधता येत नाही. ज्यांना यूट्यूबवर नियमितपणे लांब व्याख्यानं ऐकायची असतात, त्यांनी पाहायचे व्हिडिओ "Watch later" मध्ये ठेवावेत. पुढे काय पाहायचं हे मग मुख्य पान ठरवत नाही, तुमची यादी ठरवते. सबस्क्रिप्शनचं पान चालूच राहतं आणि त्याला इन्स्टाग्रामच्या फीडसारखा शेवट असतो. व्हिडिओ संपल्यावर पुढचा आपोआप लागू नये म्हणून व्हिडिओच्या चौकटीवरची ऑटोप्लेची कळही बंद करा.

फेसबुकबद्दल थोडक्यात. तिथे "Feeds" नावाचं वेगळं पान आहे. त्यात फक्त मित्र, गट आणि पानं वेळेच्या ओळीने दिसतात. फेसबुक उघडायचंच असेल तर तेवढं उघडा. नकोशा मित्राला मैत्री न तोडता "Unfollow" करता येतं.

आता मर्यादा, आणि ती किती मिनिटांची

फीडला शेवट मिळाल्यावर मर्यादेचा आकडा मनाने ठरवावा लागत नाही, तो मोजता येतो. तीन दिवस साफ केलेलं फीड शेवटपर्यंत पाहा, जवळच्यांच्या स्टोऱ्या पाहा, निरोपांना उत्तरं द्या आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. ताईचे तीन दिवस निघाले २४, ३१ आणि २७ मिनिटं. आम्ही ४० मिनिटांची मर्यादा लावली. सर्वांत लांब दिवसाहून नऊ-दहा मिनिटं जास्त. यापेक्षा घट्ट लावली की एखाद्या सणावाराच्या दिवशी ती मोडते, आणि मोडायची सवय पुन्हा लागते. यापेक्षा सैल लावली तर ती आहे की नाही हेच कळत नाही.

अँड्रॉइडवर डॅशबोर्डमध्ये ॲपच्या नावाशेजारी वाळूच्या घड्याळाचं चिन्ह असतं, त्यावरून टायमर लागतो. वेळ संपला की ॲपचं चिन्ह राखाडी होतं आणि ॲप उघडत नाही. आयफोनवर "Screen Time" मध्ये "App Limits" आणि मग "Add Limit". तिथे ॲप एकेक निवडता येतात किंवा "Social" असा पूर्ण गट घेता येतो. गट घेतलात तरी तो उघडून आत काय आहे ते पाहा. यूट्यूब त्यात नसेल तर ते वेगळं निवडावं लागतं, नाहीतर ताईला आलेला अनुभव तुम्हालाही येईल.

इन्स्टाग्रामची स्वतःचीही रोजची मर्यादा आहे, "Time management" मध्ये. ती फक्त आठवण करून देते, ॲप बंद करत नाही. मी ती लावत नाही, कारण दुर्लक्ष करता येणारी पाटी आपल्याला पाट्यांकडे दुर्लक्ष करायला शिकवते.

निरोपांची एक अडचण मात्र येते. मर्यादा संपली की इन्स्टाग्रामवरचे निरोपही बंद होतात, आणि "कुणाचा महत्त्वाचा निरोप असेल" हे मर्यादा मोडायचं सर्वांत पटणारं कारण बनतं. त्यासाठी ब्राउझरमध्ये `instagram.com/direct/inbox` हा पत्ता साठवून ठेवा. तिथे फीड न दिसता थेट निरोपांची यादी उघडते. खरोखर महत्त्वाच्या माणसांना मात्र सांगून ठेवा की घाईचं असेल तर फोन करा.

किल्ली कुणाकडे

आयफोनवर मर्यादा संपल्यावर एक मिनिट, १५ मिनिटं किंवा दिवसभरासाठी सूट घ्यायची सोय असते. ती काढायची तर "Screen Time" ला वेगळा पासकोड लावावा लागतो. तो लावल्यावर प्रत्येक मर्यादेत "Block at End of Limit" हा पर्याय दिसतो, तो चालू करायचा. आता एका मिनिटापलीकडची सूट घ्यायला पासकोड लागतो. तो तुम्हाला माहीत असेल तर काही उपयोग नाही. माझा पासकोड माझ्या मित्राने टाकला आहे आणि तो मला माहीत नाही.

यात एक बारीक फट असते. पासकोड लावताना, तो विसरल्यास परत मिळवण्यासाठी ॲपल खातं विचारलं जातं. तिथे तुम्ही स्वतःचं खातं दिलंत, तर दोन मिनिटांत पासकोड बदलता येतो आणि कुलपाला अर्थ उरत नाही. ते रिकामं सोडलंत आणि मित्रही आकडे विसरला, तर पुढे फार त्रास होतो. मित्राने स्वतःचं खातं द्यावं आणि आकडे आपल्याकडे लिहून ठेवावेत, हे मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

अँड्रॉइडवर मोठ्या माणसाच्या स्वतःच्या फोनसाठी असं कुलूप नाही. टायमर तुम्हीच लावता आणि सेटिंग्जमध्ये जाऊन तुम्हीच वाढवू शकता. टायमर लावल्यावर पहिल्याच आठवड्यात ताईने तो दोनदा वाढवला. तिच्यासाठी आम्ही दुसरा मार्ग घेतला, ॲप उघडतानाच थोडं थांबवणारं साधन. `one sec` हे त्यातलं ओळखीचं. निवडलेलं ॲप उघडलं की ते काही सेकंद दीर्घ श्वास घ्यायला लावतं आणि मग विचारतं, खरंच उघडायचं का? या साधनावरचा एक अभ्यास २०२३ मध्ये पीएनएएस या नियतकालिकात आला. सहभागी लोकांनी ३६ टक्के वेळा तिथूनच माघार घेतली, आणि सहा आठवड्यांत उघडायचे प्रयत्नही ३७ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे हात आपोआप जाणंच कमी झालं. दिवसभरातल्या छोट्या फेऱ्यांवर वेळेच्या मर्यादेपेक्षा हाच इलाज लागू पडतो.

अँड्रॉइडवर अशी साधनं "Accessibility" ची परवानगी मागतात. ही परवानगी मिळालेलं ॲप स्क्रीनवर काय चाललं आहे ते वाचू शकतं. म्हणून कुठलंही नवं, अनोळखी ॲप केवळ फुकट आहे म्हणून घेऊ नका. ही परवानगी द्यायला मन धजत नसेल, तर ॲप फोनवरून काढून टाका आणि ब्राउझरमधून वापरून दर वेळी लॉग आउट करा. पासवर्ड टाइप करावा लागणं हाही तेवढाच अडथळा आहे, फक्त ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नका.

छोट्या फेऱ्यांसाठी आणखी एक करा. ॲपच्या सूचनांमध्ये निरोप सोडून बाकी सगळं बंद करा. ताईला दिवसात बावीसेक सूचना येत होत्या आणि त्यातल्या जेमतेम तीन-चार कुणा माणसाने तिला उद्देशून पाठवलेल्या होत्या.

रात्री बाराचा घोळ

रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्यांना हे माहीत नसतं आणि त्यांचीच मर्यादा सर्वांत आधी फसते. अँड्रॉइडचा टायमर आणि आयफोनची मर्यादा, दोन्ही मध्यरात्री पुन्हा शून्यापासून सुरू होतात. म्हणजे साडेअकराला ४० मिनिटं संपली, तर बारा वाजता नवी ४० मिनिटं मिळतात. ताईच्या आलेखात बारा ते साडेबारामध्ये एक उंच खांब दिसायला लागला, तो यामुळेच.

त्यामुळे रात्रीसाठी मिनिटांऐवजी घड्याळावर चालणारं दार हवं. आयफोनवर ते काम "Downtime" करतं. साडेदहा ते सकाळी सात असं ठरवा, पासकोड असेल तर "Block at Downtime" चालू करा आणि कायम उघडी राहायची ॲप वेगळी निवडा. अँड्रॉइडवर लोक यासाठी "Bedtime mode" लावतात आणि चकतात. तो स्क्रीन राखाडी करतो आणि सूचना शांत करतो, पण ॲप बंद करत नाही. तुम्हाला हवा आहे "Focus mode". त्यात इन्स्टाग्राम, यूट्यूब, फेसबुक निवडा आणि "Set a schedule" मध्ये साडेदहा ते सात लावा. त्यातही पाच मिनिटांची सूट घेता येते, पण थांबवणारं साधन सोबत असेल तर दोन अडथळे एकामागे एक येतात, आणि झोपाळलेल्या माणसाला तेवढे सहसा पुरतात.

लॅपटॉपचं मागचं दार

फोन आवळला की स्क्रोलिंग लॅपटॉपवर सरकतं, विशेषतः काम तिथेच चालत असेल तर. फायरफॉक्समध्ये `uBlock Origin` हे एक्स्टेन्शन टाका. त्याच्या सेटिंग्जमधल्या "My filters" मध्ये या दोन ओळी लिहून बदल लागू करा:

```
www.youtube.com##ytd-browse[page-subtype="home"]
www.youtube.com###related
```

पहिली ओळ यूट्यूबचं मुख्य पान झाकते, दुसरी चालू व्हिडिओशेजारची सुचवणाऱ्या व्हिडिओंची रांग. शोध, सबस्क्रिप्शन आणि व्हिडिओ नेहमीसारखे चालतात. यूट्यूबने पानाची रचना बदलली तर या ओळी एखाद्या दिवशी काम करेनाशा होतात. पान पुन्हा भरलेलं दिसलं तर तेच कारण समजा. वेळेनुसार साइट बंद करायच्या असतील तर `LeechBlock NG` हे एक्स्टेन्शन चांगलं आहे. त्यात साइटची नावं, वार आणि तास लिहिता येतात.

महिन्यातून एकदा

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ताईचं इन्स्टाग्राम ३८ मिनिटांवर आणि यूट्यूब ३० मिनिटांवर होतं. उघडण्याची संख्या ३४ वरून ११. रात्री बारानंतरचा खांब गेला होता. सोपं असं काही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तिने दोन दिवस सगळं काढून टाकलं होतं आणि मग पुन्हा लावलं. मोडलं तर आधी कुठून मोडलं ते पाहा. लॅपटॉप होता, नवं ॲप होतं, की मर्यादाच फार घट्ट होती? तेवढीच एक जागा बदला, सगळं नव्याने मांडू नका.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं फोनवर बोलता बोलता वीस मिनिटं हे काम करतो. सुचवलेल्या पोस्टचे ३० दिवस संपत आलेले किंवा संपलेले असतात, ते पुन्हा लावायचे. महिन्याभरात नव्याने फॉलो केलेली खाती वाचायची. यूट्यूबची हिस्टरी बंदच आहे ना ते पाहायचं, कारण घाईत ती पुन्हा चालू केली जाऊ शकते. शेवटी सगळ्या ॲपची बेरीज एकमेकांना वाचून दाखवायची. गेल्या रविवारी ताईची बेरीज माझ्यापेक्षा १२ मिनिटांनी कमी निघाली.